चौकशीच्या खिडकीपाशी

एसटीच्या स्टँडवर 'चौकशी' अशी पाटी लावलेली एक खिडकी असते. जो विचारेल त्याला गाडीची वेळ आणि फलाट सांगायचा, एवढेच आतल्या माणसाचे काम. पण ज्याला विचारायचे कसे हेच कळत नाही, त्याचे ह्या खिडकीकडे काही देणे निघते का? आणि जो चुकीचे विचारतो, त्याला त्याच्या चुकीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देऊन आपण मोकळे होतो का? प्रश्न लहान वाटतो. पण एखाद्याचा अख्खा दिवस, कधी कधी त्याहूनही जास्त काही, त्याच्यावर अवलंबून असते.

ह्यासाठी वज्रेश्वरीची एक गोष्ट पाहू. गोष्टीतली माणसे कल्पनेतली आहेत. रस्ते आणि कचेऱ्या मात्र खऱ्या आहेत.

वज्रेश्वरी भिवंडी तालुक्यात आहे, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. गावातून पश्चिमेकडे थोडे पुढे गेले की वसई तालुका सुरू होतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि वसई तालुका त्यात गेला. त्यामुळे वज्रेश्वरीच्या बाजारात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचा जिल्हा ठाणे, तर दुसरीचा पालघर असू शकतो. रस्तेही असेच दोन दिशांना फुटतात. एक पूर्वेला अंबाडीवरून भिवंडीला आणि तिथून ठाण्याला. दुसरा पश्चिमेला मांडवीवरून शिरसाडला, म्हणजे अहमदाबाद महामार्गावर, आणि तिथून विरारला. एकाच ठिकाणी उभे राहून उलट दिशेच्या गाडीत बसणे इथे अगदी सोपे आहे.

सकाळी सातच्या सुमारास एक आजी स्टँडवर येते. वसई तालुक्याच्या पूर्व टोकाच्या एका पाड्यावरून ती चालत आली आहे. बाजाराला ती वज्रेश्वरीला नेहमी येते, पण गाडीत बसून दूर एकटीने जाण्याची ही पहिलीच वेळ. मुलगा वीटभट्टीवर गेलेला, सून बाळंतीण. ती खिडकीकडे येत नाही. खांबाला टेकून उभी राहते. गाडी आली की लोकांच्या मागे दोन पावले जाते आणि परत येते.

खिडकीतला माणूस पंचवीस वर्षे हेच काम करतो आहे. वाट चुकलेला माणूस प्रश्न विचारायच्या आधीच ओळखू येतो, हे त्याला ठाऊक आहे. ज्याला वाचता येते, त्याचे डोळे गाडीच्या पाटीवर डावीकडून उजवीकडे सरकतात. ज्याला येत नाही, तो पाटीकडे पाहतो, पण नजर एका जागी थांबते. मग तो पाटी सोडून चढणाऱ्या माणसांचे चेहरे पाहू लागतो. पैसे पदराच्या गाठीत असतात आणि हात पुन्हा पुन्हा त्या गाठीवर जातो. कागद असलाच तर पिशवीत नसतो, हातात असतो.

तो खिडकीतूनच हाक मारतो, "आजी, या इकडे. बसा जरा. कुठून आलात?"

इथे त्याने माहिती कसलीच दिलेली नाही. तरीही सगळ्यात मोठे काम इथेच झाले आहे. खिडकी ही शिकलेल्यांची जागा, आपण तिथे गेलो तर कुणी तरी ओरडेल, अशी भीती आजीच्या मनात होती. 'आजी' ह्या एका शब्दाने तिला कळते की इथे विचारले तर चालते. ज्याला विचारायला धीर होत नाही, त्याच्यासाठी ही हाक म्हणजे निव्वळ शिष्टाचार नाही. बंद दाराची कडी काढल्यासारखे ते आहे.

आजी म्हणते, "दादा, मला ठाण्याला जायाचा हाय. मोठ्या सायबाच्या कचेरीत."

समोरच भिवंडीची गाडी लागलेली आहे. 'ह्या गाडीने भिवंडीला जा, तिथून ठाण्याची गाडी मिळेल', हे उत्तर बरोबर आहे. ते दिले असते तर कोणत्याही वरिष्ठाने त्याला दोष दिला नसता. पण तो आणखी एक विचारतो, "गाव कुठलं तुमचं, आजी?" आजी पाड्याचे नाव सांगते, आणि तो थांबतो. पाडा वसई तालुक्यातला. मग जिल्ह्याची कचेरी ठाण्याला कशी? तो म्हणतो, "हातात कागद आहे तो दाखवता का?"

कागद वनहक्काच्या दाव्याच्या सुनावणीचा निघतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली कसत आलेल्या जमिनीचा दावा आधी ग्रामसभेकडे जातो, तिथून प्रांताच्या पातळीवरील समितीकडे, आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कागदावर लिहिले आहे: पालघर, आजची तारीख, दुपारी दोन. पण आजीच्या पाड्यावर मोठा साहेब म्हणजे ठाणे, हे तीन पिढ्यांचे ज्ञान. जिल्हा बदलून वर्षे लोटली, तरी वाटेवरच्या प्रत्येकाने तिला 'ठाणे' असेच सांगितले होते. कुणी खोटे बोलले नव्हते. त्यांचे ज्ञान जुने होते, इतकेच.

ती भिवंडीच्या गाडीत बसली असती तर काय झाले असते? दहाच्या सुमारास ठाणे. कचेरी शोधण्यात तासभर. तिथे कुणी तरी कागद वाचून म्हणाले असते, 'हे पालघरचं आहे.' मग दादरला जाऊन पश्चिम रेल्वे पकडायची, विरारला बदलायची. पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या बाईला दोन वाजेपर्यंत हे जमणे शक्य नव्हते. ज्या जमिनीवर तिचे घर चालते, तिची सुनावणी तिच्यावाचून झाली असती.

आता रस्ता सांगायचा. इथे चांगला माणूसही चुकतो, कारण त्याला सगळे माहीत असते आणि तो सगळेच एका दमात सांगून टाकतो. पाच नावे एकदम ऐकली की गोंधळलेल्या माणसाच्या लक्षात बहुधा शेवटचे तेवढे राहते. आपला माणूस दोनच पायऱ्या सांगतो. "ही समोरची गाडी नाही. पलीकडे लागेल ती विरारची. तिच्यात बसा आणि शेवटपर्यंत उतरू नका. विरारला स्टेशनात डहाणूची गाडी विचारा. पालघरची गाडी विचारू नका, डहाणूची." कारण त्या लोकलवर डहाणू रोड असेच लिहिलेले असते; पालघर वाटेत लागते. आजीला पाट्या वाचता येत नाहीत, पण मोजता येते. म्हणून तो म्हणतो, "विरार सुटलं की चौथं स्टेशन."

मग तो विचारतो, "आता तुम्ही मला सांगा, कसं जाणार?" आजी सांगते आणि 'चौथं'च्या जागी 'तिसरं' म्हणते. तिसरे म्हणजे केळवे रोड. 'कळलं ना?' असे विचारले असते तर ती मान हलवून 'हो' म्हणाली असती. संकोची माणूस नेहमी 'हो'च म्हणतो. तिच्याच तोंडून वदवले, म्हणून चूक सापडली. तो पुन्हा बोटांवर मोजून दाखवतो: वैतरणा, सफाळे, केळवे, पालघर. तेच चिठ्ठीवर लिहून देतो आणि विरारच्या गाडीच्या कंडक्टरला हाक मारून सांगतो, "आजींना स्टेशनाजवळ उतरव." आजी गाठ सोडून पैसे मोजू लागते, तेव्हा तो सांगतो की 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धेच तिकीट आहे.

आजी शेवटी विचारते, "आनि कचेरी?" जिल्ह्याच्या कचेऱ्या पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आहेत, एवढे त्याला माहीत आहे. स्टेशनातून तिथे काय मिळते, हे त्याला माहीत नाही. तो तसेच सांगतो: "तिथलं मला नक्की ठाऊक नाही. स्टेशनाबाहेर हा कागद दाखवा आणि कोळगाव म्हणा." मदत करण्याच्या भरात माणूस अंदाजाने बोलून जातो, आणि ज्याला पडताळून पाहता येत नाही त्याला तो अंदाज वेदवाक्य वाटतो. म्हणून आपले ज्ञान कुठे संपते ते सांगणे, हाही त्या उत्तराचाच भाग आहे.

ह्यावर एक खरा आक्षेप आहे. आजीवर पाच मिनिटे गेली, तोवर खिडकीपुढे सात-आठ माणसे उभी राहिली. एकाने घड्याळ दाखवले. त्यांचा वेळ आजीला देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? रांग म्हणजे न्याय, आणि न्याय सर्वांना सारखा, असे आपण मानतो. पण रांगेने ठरते ते कुणाचा नंबर आधी, एवढेच. कुणाला किती लागेल, हे रांग ठरवत नाही. वाडा गाडीची वेळ विचारणाऱ्याला एक वाक्य पुरते, आणि ते वाक्य तो समोरच्या वेळापत्रकावरही वाचू शकतो. आजीसाठी भिंतीवर काहीच लिहिलेले नाही. सर्वांना सारखे अर्धे मिनिट दिले असते, तर ज्यांना कमी गरज होती त्यांचेच काम झाले असते. तरीही आक्षेपात तथ्य आहे, म्हणून आपला माणूस मधेच मान वर करून म्हणतो, "वाड्याची गाडी सव्वासातला, दुसऱ्या फलाटावर," आणि तिघे-चौघे निघून जातात.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. गरज जाणून घ्यायची म्हणून समोरच्याचे घर खोदायचे नसते. 'कशाला चाललात?' हे त्याने विचारले नाही. 'कुठून आलात, कुठं पोहोचायचं?' एवढेच विचारले. कागदही मागून घेतला, ओढून नाही. गरीब आणि अडाणी माणसाला मदत करताना त्याच्या खासगी गोष्टी आपल्या हक्काच्या आहेत असे आपण सहज धरून चालतो. दवाखान्याला निघालेल्या बाईला कोणता दवाखाना हे विचारावे लागते. कोणता आजार, हे विचारण्याचे कारण नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? चौकशीच्या खिडकीचे देणे प्रश्नाला नाही, प्रवाशाला आहे. ज्याला नीट विचारता येते, त्याच्या बाबतीत हे दोन्ही एकच असतात, म्हणून फरक दिसत नाही. फरक दिसतो तो आजीसारखी कुणी खांबाला टेकून उभी असते तेव्हा. आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीला, पतपेढीला आणि दवाखान्यालाही अशीच एक खिडकी असते. तिच्यासमोर किती माणसे आली, ह्याची नोंद राहते. खांबापाशी उभे राहून जे परत गेले, त्यांची नोंद कुठल्याही वहीत नसते.