‘नाकारला’ आणि ‘मानला’ यांच्या मधलं वाक्य

समजा, नागपुरातल्या एखाद्या ट्रस्टच्या वार्तापत्रासाठी तुम्हाला एक काम दिलं आहे. डॉ. आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मधल्या पुनर्जन्माच्या चर्चेवरचा वीस पानी अभ्यासलेख आहे, आणि त्याचा सारांश एका पानात, सोप्या मराठीत करायचा आहे. वार्तापत्र वाचणाऱ्यांत बारावीची मुलं असतील, तशाच दीक्षाभूमीवरच्या १४ ऑक्टोबर १९५६च्या आठवणी ऐकत मोठ्या झालेल्या आजीही असतील.

पहिलं वाक्य हातातून सहज निघून जातं : “बाबासाहेबांच्या मते बुद्धाने पुनर्जन्म नाकारला.” सोपं आहे, लक्षातही राहतं. पण ते चुकीचं आहे. उलटं लिहिलं, “बुद्ध पुनर्जन्म मानत होते”, तर तेही चुकीचंच ठरतं.

१९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ते एका प्रश्नाचे दोन प्रश्न करतात. पुनर्जन्म कशाचा? आणि पुनर्जन्म कोणाचा?

पहिल्याचं उत्तर असं : शरीर पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार घटकांचं बनलेलं असतं. माणूस मेला की हे घटक नष्ट होत नाहीत, ते विश्वातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात. तिथून पुन्हा एकत्र आले की नवा जन्म होतो. म्हणजे पुनर्जन्म आहे, पण तो घटकांचा आहे, आत्म्याचा नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाहीत. मेलेल्या माणसाचे सगळेच्या सगळे घटक पुन्हा एकत्र आले, तर तोच माणूस जन्मण्याची शक्यता उरते. वेगवेगळ्या माणसांचे घटक मिसळून नवं शरीर झालं, तर तो पुनर्जन्म असतो, पण त्याच व्यक्तीचा नसतो. त्यामुळे तोच माणूस परत येणं त्यांना अत्यंत असंभवनीय वाटतं. असंभवनीय म्हणजे अशक्य नव्हे. सारांश लिहिताना सगळ्यात आधी गळतो तो नेमका हा फरक.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? ‘पुनर्जन्म मानला’ एवढंच वाचलं, तर वाचकाच्या डोक्यात त्या शब्दामागून ‘मागच्या जन्मीचं कर्म’ आपसूक येतं. मग अमक्या जातीत जन्मलात, गरीब आहात, कारण मागे काहीतरी केलं असेल, हा हिशेबही पाठोपाठ येतो. बाबासाहेबांनी नेमका हाच हिशेब मोडला होता. गरिबांच्या आणि दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, याखेरीज असल्या सिद्धांताचा दुसरा उपयोग त्यांना दिसत नव्हता. तेव्हा ‘मानला’ लिहिणं म्हणजे त्यांच्या शब्दांतून त्यांच्या विरुद्धचं म्हणणं छापणं.

‘नाकारला’ लिहिल्यानेही नुकसान होतंच. आत्मा नसेल तर पुढे काय चालतं, या जुन्या बौद्ध प्रश्नाशी ते झुंजत होते, हेच त्यातून पुसलं जातं. ‘मिलिंदपञ्हा’त नागसेन हाच प्रश्न दिव्याच्या दाखल्याने समजावतो : एका दिव्यावरून दुसरा पेटवला, तर पहिल्यातून उठून काही दुसऱ्यात जात नाही, तरी दुसरा पहिल्यामुळेच पेटतो. वार्तापत्रात हा दाखला जरूर द्यावा, पण तो नागसेनाचा आहे हे सांगून. चार घटकांची मांडणी बाबासाहेबांच्या ग्रंथातली, आणि तिच्यावरची टीका किंवा समर्थन अभ्यासलेखाच्या लेखकाचं. अनेक बौद्ध परंपरा पुनर्जन्माचा अर्थ वेगळा लावतात. “बौद्ध धर्म म्हणतो” या दोन-तीन शब्दांत हे सगळे आवाज एकमेकांत मिसळून जातात.

मग सारांश असा होऊ शकतो :

“बाबासाहेबांच्या मांडणीनुसार बुद्धाने आत्म्याचं एका देहातून दुसऱ्या देहात जाणं नाकारलं. शरीराचे घटक मात्र मृत्यूनंतर उरतात आणि नव्या जन्मात येऊ शकतात. तोच माणूस परत जन्मणं जवळजवळ असंभव आहे, कारण त्यासाठी त्याचे सगळे घटक पुन्हा जुळायला हवेत. म्हणून आजच्या दुःखाचं खापर मागच्या जन्मावर फोडता येत नाही.”

यात एकही अवघड शब्द नाही. ‘जवळजवळ’ आणि ‘मांडणीनुसार’ हे दोन शब्द जागा वाचवायला म्हणून संपादकाने काढले, तर मात्र वाद पुन्हा ढासळतो.

छापण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. मूळ लेख न वाचलेल्या माणसाला हे वाचायला देऊन तीन प्रश्न विचारा. मेलेला माणूस परत येतो का? मग नव्या जन्मात काय येतं? माझी गरिबी मागच्या जन्माचं फळ आहे का? तिसऱ्याला ठाम ‘नाही’ यायला हवं. पहिल्यालाही तसंच ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ आलं, तर मूळ वाद वाटेतच सांडला आहे.

घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल, तर वाचक पहिल्याच प्रश्नासाठी हे पान उघडतो. त्याला धीर द्यावा म्हणून ‘येतो’ लिहिण्याचा मोह होईल, आणि तर्कशुद्ध दिसावं म्हणून ‘येत नाही’ लिहिण्याचाही. पण ज्यांच्या नावाने आपण लिहितो आहोत, त्यांनी जिथे ‘अत्यंत असंभवनीय’ म्हटलं, तिथे आपणही तेवढंच म्हणायचं.