एका रात्रीची बदली

रुग्णालयातील परिचारिकेला घरच्या कार्यासाठी एका रात्रपाळीची बदली हवी असते, तेव्हा तिने सहकारी परिचारिकेला आयत्या वेळी गळ घालू नये. चार दिवस आधी विचारावे आणि तिची कोणती पाळी आपण करू, हेही त्याच वेळी सांगावे. परतफेड ठरलेली असली, की होकारात उपकाराचे ओझे उरत नाही. पाळीपत्रकात, म्हणजे कोणी कधी कामावर यायचे याच्या तक्त्यात, प्रमुख परिचारिकेकडून नावही बदलून घ्यावे. अन्यथा रात्रीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरत नाही.

मग जे ठाऊक आहे, ते लिहून द्यावे. औषधांच्या वेळा केसपेपरवर असतात आणि संध्याकाळच्या पाळीची परिचारिका त्या समजावतेही. पण खिडकीजवळच्या आजी पहाटे कोणाला न उठवता एकट्याच स्वच्छतागृहाकडे निघतात, हे रोज रात्री जागणारीलाच ठाऊक असते, म्हणून तेही लिहून द्यावे. ‘आजींकडे लक्ष ठेव’ एवढ्याने भागत नाही. आजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा उजव्या बाजूने हाक मारावी, खाटेचा कठडा वर आहे ना हे पाहावे आणि पहाटे स्वच्छतागृहाला जायचे आहे का, हे आपणहून विचारावे, इतके स्पष्ट लिहून द्यावे. घरच्या कार्याहून परतल्यावर ती परिचारिका आधी आजींच्या खाटेपाशी जाते आणि रात्र कशी गेली, ते विचारते.