शब्द गाळा, बोध राखा



‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण सांगते की, चांगल्यासोबत वाईट असायचेच. त्यात वाईट म्हणून आपली वस्ती धरली आहे. ‘पीक तेथे तण’ म्हणावे. बोध तोच राहतो, माणूस मात्र हिणवला जात नाही.

हीच कसोटी आपल्याही वचनांना लावली पाहिजे. सोपाऱ्याजवळ 1956 साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो लेख आधी म्हणतो की, आजारपणात, लग्नात, प्रवासात लोक नाना विधी करतात. पुढे क्षुद्र, निरर्थक विधींचा दोष मात्र स्त्रियांवर ठेवतो. आपल्या प्रवचनांतही ‘बायकाच नवस करतात’ असे ऐकू येते. मग नवसाचा बोकड कापणारा पुरुष कुठे गेला? ‘स्त्रिया’ हा शब्द गाळून पाहा. अशा विधींचे फळ अल्प, दास-सेवकांशी सद्वर्तन हेच धम्ममंगल, हा बोध जसाच्या तसा उरतो.

शिलालेख हा इतिहास आहे, तो बदलायचा नाही. बदलायची ती आपली वाणी. आणि शब्द गाळल्यावर वचनात काहीच उरत नसेल, तर त्यात बोध नव्हताच. ते टाकून द्यावे. हीच सम्यक वाचा होय.

जयभीम!