अर्जातली एक ओळ

संशोधन सहायकाच्या जागेसाठी लिहिलेल्या पत्रात बाकी सगळं सरळ आहे. नाव, एम.एस्सी. रसायनशास्त्र, गुण, प्रकल्पाचा विषय. अडकते ती एकच ओळ: "चहातील कॅफिन मोजण्यासाठी एचपीएलसी पद्धत विकसित करून ती २ ते ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर या पल्ल्यात प्रमाणित केली, R² ०.९९९७." ही ओळ लिहिताना बरं वाटलं होतं. आता पत्र पाठवायच्या आधी मला तिच्यासमोर बसायचं आहे, कारण ज्यांच्याकडे अर्ज जाणार त्यांचं रोजचं कामच अशा ओळी तपासण्याचं आहे.

R² पासून सुरुवात करते. माझी स्टँडर्ड्स २, ५, १०, २० आणि ४० ची. पीकची क्षेत्रफळं अनुक्रमे ८६, २१३, ४२३, ८३२ आणि १६०८. एक्सेलने काढलेली रेषा साधारण अशी: क्षेत्रफळ = ४० × संहती + १६. आलेखावर पाचही ठिपके रेषेवर चिकटलेले दिसतात. मी, माझ्या मैत्रिणी, आम्ही सगळ्यांनी प्रबंधात असाच आलेख लावला आणि पान उलटलं.

आज तेच समीकरण उलटं चालवलं. ८६ मधून १६ वजा केले, ४० ने भागलं, उत्तर आलं १.७५. म्हणजे जे २ आहे हे मला ठाऊक आहे, ते माझी पद्धत साडेबारा टक्के कमी सांगते. ५ चं ४.९ येतं, १० चं १०.२, २० चं २०.४ आणि ४० चं ३९.८. दोन्ही टोकांकडचे ठिपके रेषेखाली आणि मधले १० आणि २० चे वर. चूक विखुरलेली असती तर हात थरथरला म्हणता आलं असतं. ती अशी ओळीने येते तेव्हा मुळात रेषा नसून किंचित वाकलेला वक्र असतो. संहती वाढते तसा डिटेक्टरचा प्रतिसाद थोडा मागे पडतो. R² ला हे दिसत नाही, कारण ४० चा एकटा दूरचा ठिपका सगळ्या रेषेला आपल्याकडे ओढतो आणि खालच्या ठिपक्यांची चूक त्या मोठ्या आकड्यांपुढे नगण्य ठरते.

माझे चहाचे नमुने पातळ केल्यावर २० च्या आसपास यायचे, तिथे चूक दोनच टक्के. त्यामुळे निकाल फारसे बिघडले नाहीत. पण ते नमुन्यांचं नशीब, पद्धतीचं कर्तृत्व नव्हे. उद्या कुणी कॅफिन काढलेला चहा आणून दिला तर तो नेमका खालच्या टोकाला येईल. त्यासाठी पल्ला आखूड घ्यायला हवा, किंवा खालच्या ठिपक्यांना जास्त भार देऊन रेषा काढायला हवी. यातलं काहीच मी केलेलं नाही, आणि ओळीत मात्र "२ ते ४०" असं ठणकावून सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणित करण्याची. एकाच व्हायलमधून तीन इंजेक्शनं दिली आणि क्षेत्रफळं जुळली, हे खरं आहे. पण त्यातून यंत्राचं इंजेक्शन स्थिर आहे एवढंच कळतं. चहा वजन करणं, उकळणं, गाळणं, पातळ करणं, यातली माझी चूक तिथे येतच नाही, आणि विश्लेषणात बहुतेक चूक तिथेच शिरते. आयसीएचच्या मार्गदर्शक सूचना पुनरावृत्तीसाठी पल्ल्यातल्या तीन संहतींना प्रत्येकी तीन, म्हणजे किमान नऊ मापनं मागतात. नाहीतर शंभर टक्के पातळीवर सहा. शिवाय चहात ठराविक कॅफिन घालून ते किती परत मिळतं, हेही पाहावं लागतं. माझ्या वहीत त्याचं पान नाही.

मनाची एक बाजू म्हणते, सगळेच असं लिहितात, मुलाखतीला तर बोलावू दे. मला त्या बाजूचा राग येत नाही. घरी नोकरीची वाट पाहणारी माणसं आहेत. पण जी जागा मी मागते आहे तिथे माझ्या सहीने आकडा बाहेर जाईल, आणि सहीची सवय अर्जापासूनच लागते.

म्हणून ओळ बदलली: "चहातील कॅफिन एचपीएलसीने मोजले. ५ ते ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर या पल्ल्यात स्टँडर्ड्सचे उलट गणन २.५ टक्क्यांच्या आत. त्याखाली पद्धत कमी दाखवते. पुनरावृत्ती फक्त इंजेक्शनच्या पातळीवर तपासली, रिकव्हरी केलेली नाही." पहिल्या ओळीपेक्षा ही कमी दिमाखदार आहे, पण हिच्यावर कुणी काहीही विचारलं तरी माझ्याकडे वही आहे.