पाठ बघ्यांकडे

लालबाग-परळमधल्या मुलाला नाचाची भीती वाटते, हे बाहेरच्यांना पटत नाही. आगमनाच्या मिरवणुका, बेंजो पार्ट्या, दहीहंडीची पथकं, नवरात्रातला गरबा, वर्षाचे निम्मे महिने रस्त्यावर काही ना काही वाजतच असतं. तरीही इमारतीच्या गणपतीत 'चिमुकल्यांचे नृत्य' पुकारलं की जिन्याखाली लपणारी दोन-तीन मुलं हमखास सापडतात. बहुतेकदा गाण्याचं वेड त्यांनाच सर्वांत जास्त असतं. मी गेली बरीच वर्षं परळच्या एका हॉलमध्ये मुलांना लेझीम आणि खेळनाच शिकवते. त्या जिन्याखालच्या मुलांकडे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. त्यांना नाचाची लाज वाटत नाही. त्यांना समोरची बाजू नको असते.

आपल्याकडे नाचाच्या दोन जाती आहेत. एक रंगमंचाची: प्रेक्षक समोर, आरसा समोर, आता मोबाइलही समोर. दुसरी वर्तुळाची आणि रांगेची. भोंडला, फुगडी, झिम्मा, लेझीम हे खेळणाऱ्यांसाठी असतात, बघणारे असले तर असले. लाजऱ्या मुलाला क्लासला घालताना आईवडील जवळजवळ नेहमी पहिली जात निवडतात, कारण क्लास म्हणून तीच विकली जाते. भिंतभर आरसा, फिल्मी गाणं आणि तीन महिन्यांनी शो.

या मुलांच्या वयाचाही यात हात आहे. पाच वर्षांचं मूल आपण कसे दिसतो याची फिकीर न करता गरागरा फिरतं. सात-आठच्या सुमारास मात्र ते शेजारच्या मुलाशी स्वतःची तुलना करू लागतं, आणि त्या तुलनेवरून आपलं मोल ठरवू लागतं. बालमानसशास्त्रात हे चांगलं नोंदलेलं आहे. घरचे म्हणतात, 'अहो, मागच्या वर्षीपर्यंत छान नाचायचा.' खरंच नाचत होता. आता त्याला बाहेरून स्वतःकडे बघता येऊ लागलं आहे. ही वाढच आहे, पण पायांना ती महागात पडते.

स्वतःच्या पायाकडे लक्ष गेलं की पाय का अडखळतो, यावर गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेचं बरंच काम आहे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या एका प्रयोगात लोकांना स्कीइंगसारख्या डोलणाऱ्या यंत्रावर तोल सांभाळायला शिकवलं होतं. काहींना पायांच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगलं शिकले. हालचाल तीच, फक्त लक्ष अंगाबाहेरच्या वस्तूवर ठेवलेलं. हे वाचलं तेव्हा मला लेझीमच आठवली.

लेझीम म्हणजे अंगाबाहेरचं चाक. शाळेतली लाकडी लेझीम जेमतेम हातभर लांब असते. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. साखळीत पत्र्याच्या चकत्या ओवलेल्या. मूठ ओढली की साखळी ताणली जाते, परत आणली की चकत्या आपटून 'छन्न' वाजतात. आखाड्यातली लोखंडी लेझीम याहून लांब आणि बरीच जड असते, ती या वयाच्या हातात देऊ नये. महत्त्वाचं असं की इथे गाण्यावर हालायचं नसतं, हालल्याशिवाय वाजतच नाही. ज्या मुलाचा कान तयार आहे त्याला आपला ठोका ढोलावर पडला की मागे पडला, हे लगेच कळतं. 'हात वर घे, कोपर वाकडा आहे' असं कुणी सांगावं लागत नाही. तो आवाज सुधारायला जातो आणि हात आपोआप सुधारतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे आलेल्या एका मुलाचं सांगते. वय सात, घर चिवडा गल्लीजवळ. बेंजोवरचं कोणतंही गाणं दोन सुरांत ओळखायचा, जेवताना ताटावर ताशाचे तुकडे वाजवायचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याची पावलं चुकली, कुणीतरी चित्रण केलं, ते नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलं आणि सगळे प्रेमाने हसले. त्या प्रेमळ हसण्यानंतर तो घरातही नाचेना. आई म्हणाली, "ताई, त्याला पहिल्या रांगेत उभा करा, म्हणजे भीड चेपेल." मी त्याला बसवलं.

सुरुवातीचे तास सगळीच मुलं मांडी घालून, गोलात, तोंडं आत करून बसतात. लेझीम मांडीवर. ढोलाच्या पहिल्या ठोक्यावर फक्त छन्न, बाकी तीन ठोके गप्प. मग पहिला आणि तिसरा. मग मी ढोल थांबवते आणि मुलांनी मनात मोजून पुढचा पहिला ठोका बरोबर पाडायचा. हा खेळ त्याला असा काही जमला की इतर मुलं त्याच्याकडे बघून वाजवू लागली. त्याच्याकडे नजरा होत्याच, पण त्याच्या हाताकडे, आणि विचारायला आलेल्या. हा फरक त्याला कळला असावा, कारण त्याने मान खाली घातली नाही.

इथे शिकवणारे एक चूक फार करतात. सोपं जावं म्हणून लय अगदी संथ ठेवतात. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. संथ ठोक्यांच्या मधली रिकामी जागा त्यांना पेलत नाही, ती आधीच वाजवून मोकळी होतात आणि मग चुकल्याची लाज. मी मिनिटाला 100 ते 120 ठोक्यांच्या आसपास सुरू करते, हालचाल मात्र कमी ठेवते. आणि ढोल स्वतः वाजवते, मोबाइलवर लावत नाही. किर्शनर आणि टोमासेलो यांनी 2009 मध्ये दाखवलं होतं, की अगदी लहान मुलंसुद्धा यंत्रापेक्षा समोरच्या माणसाबरोबर ताल जास्त चांगला धरतात. माणूस वाट पाहतो, थोडं सांभाळून घेतो.

मग उभं राहायचं. चार ठोके: गुडघ्यांपाशी, कमरेपाशी, छातीपाशी, डोक्यावर. पाय जागेवर. डोक्यावरचा ठोका सर्वांत अवघड, कारण तिथे अंग उघडं पडतं. लाजरं मूल चौथा ठोका कानापाशीच उरकतं. त्याला 'अजून वर' म्हणू नये. मी छताच्या पंख्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, आवाज त्याच्यापर्यंत पोचव. पाय शेवटी येतात, तेही आधी नुसतं चालणं: एका ठोक्याला एक पाऊल, गोलातून, एकामागे एक. पुढच्याची पाठ दिसते आणि आपली पाठ मागच्याला. एमिल जाक-डालक्रोझ हा जिनिव्हात संगीत शिकवणारा माणूस शंभरहून अधिक वर्षांपूर्वी याच वाटेने गेला होता. विद्यार्थ्यांना लय वहीत येते पण अंगात येत नाही हे पाहून त्याने त्यांना वर्गातच तालावर चालायला लावलं, आणि त्यातून एक अख्खी पद्धत उभी राहिली. आमच्या शाळांच्या पटांगणांवर हेच कवायत म्हणून चालत आलं, फक्त त्याला कुणी पद्धत म्हटलं नाही.

लेझीमच्या जोडीला मी फुगडी घेते, आणि मुलग्यांनाही खेळायला लावते. कुरकुर होते, दोन तासांत संपते. फुगडीत हात तिढा घालून धरायचे, पायांची बोटं जोडीदाराच्या बोटांना जवळजवळ टेकवायची आणि अंग मागे सोडायचं. दोघांचं वजन एकमेकांवर तोललं की वेग येतो. वेगात भोवतालचे चेहरे पुसट होतात, समोरचा एकच चेहरा स्पष्ट राहतो. बघ्यांची भीती असणाऱ्याला याहून चांगली सोय कोणती? मात्र जोडीदार उंची-वजनाने जुळता हवा, पकड बोटांची नको, मनगटाची हवी, आणि गुळगुळीत लादीवर मोजे घालून मुळीच खेळू नये. चाळीच्या गॅलरीत तर नाहीच. तिथे कठड्यावर डोकं आपटायला एक फेरी पुरते.

भोंडला त्याहून सौम्य. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरला की सगळ्यांची तोंडं आत आणि पाठी बाहेर, पाऊल चालण्याइतकंच सोपं, आणि शेवटी खिरापत ओळखायची असल्यामुळे कोण कसं नाचलं याची कुणाला आठवणही राहत नाही. दादर-गिरगावच्या काही इमारतींत हल्ली भोंडल्याच्याही स्पर्धा लागतात, परीक्षक खुर्च्या टाकून बसतात. मला ते आवडत नाही. फेराला समोरची बाजू नव्हती, ती आपण आणून ठेवली.

मूल सुटतंय की आवळतंय, हे नजरेवरून आणि श्वासावरून कळतं. आवळलेलं मूल श्वास धरतं, दर दोन ठोक्यांनी दाराकडे बघतं, किंवा चुकण्याआधीच विदूषकी करून हसू ओढवून घेतं. या शेवटच्या मुलाला लोक धीट समजतात, तिथे फसगत होते. सुटलेलं मूल मधल्या वेळेत, पाणी प्यायला जाताना, कुणी सांगितलेलं नसताना पाऊल टाकतं. मी तेवढ्याचीच वाट बघते. पण ताल कानाला नीट कळत असूनही हात-पाय फारच मागे पडत असतील, आणि बटणं लावणं, जिना उतरणं, चेंडू झेलणं हेही जड जात असेल, तर ती नुसती लाज नसते, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. घराबाहेर अजिबातच न बोलणाऱ्या मुलाचंही तेच. तिथे लेझीम पुरी पडणार नाही.

आमचा तो मुलगा पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत चालला. आईला तो पहिल्या रांगेत हवा होता, मी त्याला मधल्या रांगेत, कडेपासून दुसऱ्या जागी ठेवला. कडेची जागा बघ्यांना चिकटून असते, तिथे फोन नाकासमोर येतात. दोन्ही बाजूंना माणूस असलेली जागा उबदार. घरच्यांना एकच अट होती, चित्रण करा पण त्याला दाखवू नका, तो मागेल तेव्हाच. त्याने अजून मागितलेलं नाही. कानात कापसाचे बोळे न घालता फोमचे चांगले प्लग घातले होते, कारण ढोल-ताशाच्या पथकामागे तासभर चालणं मोठ्यांच्या कानांनाही जड जातं. निम्म्या वाटेवर हात दुखले तेव्हा लेझीम खांद्याला लावून नुसता चालला. तशी मुभा आधीच दिलेली होती.

गणपतीत इमारतीच्या स्टेजवर मात्र तो यंदाही चढला नाही. आजी हिरमुसली. "एवढे पैसे भरले, मग उपयोग काय?" असं तिने मला जिन्यातच विचारलं. मी म्हटलं, "आजी, विसर्जनाला बघा." विसर्जनाला तो चिंचपोकळीच्या पुलापर्यंत बेंजोच्या मागे होता, घामाने निथळत, आणि कोण बघतंय याचं त्याला भान नव्हतं. स्टेजवर तो पुढच्या वर्षी चढेल की कधीच नाही, ते मला सांगता येत नाही, आणि त्याची मला घाईही नाही. आता त्याला ढोल हवा आहे. कमरेला ढोल बांधून चालणं त्याच्या पाठीला अजून झेपायचं नाही, म्हणून नवरात्रापासून हातात झांज दिली आहे. दोन झांजांमधलं अंतर तो स्वतःच ठरवतो, आणि जोराचा ठोका हवा असला की पूर्ण हात पसरतो.