पानिपतच्या परिच्छेदातले सांधे

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत पानिपतावरचा परिच्छेद बहुतेक वेळा असा दिसतो : '१७६० साली सदाशिवरावभाऊ फौज घेऊन उत्तरेत गेले. त्यांनी दिल्ली घेतली. मग कुंजपुरा घेतला. अब्दालीने यमुना ओलांडली. मराठे पानिपतला आले. धान्य संपले. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. विश्वासराव पडले. मराठे हरले.' यातले एकही वाक्य खोटे नाही. तरीही परिच्छेद वाचून संपतो आणि मराठे का हरले हा प्रश्न होता तिथेच राहतो.

यावर वर्गात सांगितला जाणारा उपाय ठरलेला असतो : वाक्ये जोडा, उभयान्वयी अव्यये वापरा. विद्यार्थी आज्ञाधारकपणे दर दुसऱ्या वाक्याच्या तोंडी 'त्यामुळे' ठेवतो. 'भाऊंनी कुंजपुरा घेतला, त्यामुळे अब्दालीने यमुना ओलांडली. त्यामुळे मराठे पानिपतला आले. त्यामुळे धान्य संपले.' आता परिच्छेद वाहतो खरा, पण वाहतो कुठे? पानिपतला आल्यामुळे धान्य संपत नसते. व्याकरणाच्या पुस्तकात 'आणि' आणि 'म्हणून' एकाच यादीत शेजारी बसलेले असतात, त्यामुळे दोघांचे काम सारखेच, असा समज होतो. इतिहासात मात्र 'आणि' लिहिणाऱ्याला दोन घटना घडल्या एवढेच दाखवावे लागते. 'म्हणून' लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते. जोडशब्द म्हणजे पुराव्याने भागवायचे एक जास्तीचे विधान.

मराठीत आणखी एक पळवाट आहे, 'ऊन'ची. 'दिल्ली घेऊन, कुंजपुरा जिंकून, मागे फिरून मराठे पानिपतला आले.' बखरींच्या गद्याला या रचनेने मोठी गती दिली. ऐकणारा पुढे-पुढे खेचला जातो. पण 'जिंकून' या रूपात 'जिंकल्यावर' आणि 'जिंकल्यामुळे' हे दोन्ही अर्थ दडलेले असतात, आणि कोणता घ्यायचा हे लेखकाने ठरवलेलेच नसते. त्या 'जिंकून' आणि 'फिरून' यांच्या मधल्या जागेत तर पानिपतचा सगळा पेच आहे.

तो उलगडून पाहण्यासारखा आहे. १७६०च्या पावसाळ्यात भाऊ दिल्लीत होते आणि अब्दाली यमुनेपलीकडे, अंतर्वेदीत. नदीला पूर होता, त्यामुळे दोन्ही फौजा एकमेकींना भिडू शकत नव्हत्या. इथे 'त्यामुळे' चपखल बसते, कारण पुराला कुणाची इच्छा लागत नाही. पुढचे वाक्य वेगळे आहे : मराठ्यांना धान्य हवे होते आणि कुंजपुऱ्याच्या गढीत अफगाणांचा मोठा साठा होता, म्हणून भाऊ उत्तरेकडे वळले. हा माणसाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. मराठीत 'म्हणून' आणि 'त्यामुळे' अनेकदा अदलाबदलीने चालतात, हे खरे; पण ठरवून केलेल्या गोष्टीला 'म्हणून' आणि आपोआप ओढवलेल्या गोष्टीला 'त्यामुळे' एवढा भेद पाळला, तरी निर्णय कुठे झाला आणि परिस्थितीने कुठे गाठले, हे वाचकाला वेगळे दिसू लागते.

१७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला. पण भाऊ उत्तरेला गेल्याने बागपतजवळचा उतार मोकळा राहिला होता. नदीला पाणी अजून बरेच होते, तरीही ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने तिथून फौज पार केली. हे 'तरीही' शोभेसाठी नाही. आधी काय अपेक्षित होते ते सांगितलेले असेल, तरच ते उभे राहते. इतक्या पाण्यात शत्रू उतरणार नाही, हा अंदाज परिच्छेदात आला नसेल, तर 'तरीही' वाचकाला कोड्यात टाकते. इथे तो अंदाज होता, तो चुकला आणि अब्दाली भाऊंच्या व दिल्लीच्या मधोमध येऊन बसला. ही बातमी कळल्यामुळे भाऊ मागे वळले आणि पानिपतला त्यांनी छावणी टाकली.

आता या परिच्छेदातला खरा अवघड सांधा येतो. मराठ्यांचा दक्षिणेचा रस्ता अब्दालीने अडवला होता. अब्दालीचा मायदेशाचा रस्ता मराठ्यांनी. दोघेही कोंडलेले. मग उपासमार एकाच छावणीत का झाली? जो विद्यार्थी 'मराठ्यांचा रस्ता अडला, त्यामुळे धान्य संपले' असे लिहितो, त्याच्या 'त्यामुळे'ला हा प्रश्न झेपत नाही, कारण तेच कारण अब्दालीलाही लागू होते. इथे विरोध दाखवावाच लागतो : दोघांचेही परतीचे रस्ते बंद होते, अब्दालीची यमुनेकडची बाजू मात्र उघडी होती, आणि तिकडून नजीबखान रोहिल्याच्या मुलखातले धान्य त्याच्यापर्यंत पोहोचत होते. गोविंदपंत बुंदेले ती रसद तोडत होते, पण डिसेंबरात ते मारले गेले. शिवाय मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचीही मोठी गर्दी होती. इतके सांगितल्यावर 'त्यामुळे मराठ्यांची उपासमार झाली' हे वाक्य आपल्या पायावर उभे राहते. नवी माहिती दोन-तीन ओळींचीच, पण ती शोधायला लावली 'मात्र'ने. जोडशब्दाच्या जागी अडखळायला झाले, तर बहुधा तिथे एखादे तथ्य गाळलेले असते.

लढाईच्या दिवसाच्या वर्णनात वेगळाच सापळा आहे. 'विश्वासराव पडताच मराठ्यांचा धीर सुटला.' 'ताच' हे रूप सांगते फक्त वेळ, पण वाचक त्यातून कारण ऐकतो. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. दुपारपर्यंत त्यांचीही मोठी हानी झाली होती. अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे घातली होती. आणि मराठ्यांची माणसे-जनावरे कित्येक दिवसांची उपाशी होती. या सगळ्याला बाजूला सारून एका गोळीला 'कारण' म्हणायचे, तर बाकीची कारणे नसती तरीही ती एक गोळी पुरली असती का, हे विचारावे लागते. निदान 'आधीच खचलेल्या फौजेचा धीर विश्वासराव पडल्यामुळे पुरता सुटला' असे लिहिले, तर 'आधीच' आणि 'पुरता' हे दोन साधे शब्द कारणांची उतरंड सांभाळतात.

सर्वांत सैल हात सुटतो तो परिणामांवर. 'परिणामी मराठी सत्ता संपली' हे वाक्य अजूनही ऐकू येते. जून १७६१मध्ये नानासाहेब पेशवे वारले, हे खरे. पण १७६३मध्ये माधवरावांच्या कारकिर्दीत राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, आणि १७७१मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते. बादशहा शाहआलम १७७२च्या आरंभी राजधानीत परतला तो महादजी शिंद्यांच्या आधाराने. तेव्हा 'परिणामी'च्या जागी काही काळापुरती मर्यादा घालणारे वाक्य हवे : 'पानिपतामुळे उत्तरेतला मराठ्यांचा दबदबा दहा वर्षे ओसरला, तरीही तो संपला नाही.'

त्याच ओळीतले दुसरे विधान असते, पानिपतमुळे इंग्रजांना वाट मोकळी झाली. ते अधिक नाजूक आहे. बंगालची वाट त्यांना प्लासीने दाखवली, आणि प्लासी १७५७ची, पानिपतच्या आधीची. जे आधी घडले त्याला 'त्यामुळे' लावता येत नाही. पुढच्या काळाबद्दल बोलायचे, तर १७६४च्या बक्सारच्या लढाईत शुजाउद्दौला आणि शाहआलम इंग्रजांशी लढले तेव्हा मराठे उत्तरेत कमजोर होते, एवढे निश्चित म्हणता येते. मराठे जोरात असते तर बक्सारचा निकाल फिरला असता का, याला कागदपत्रांतून उत्तर मिळत नाही. म्हणून त्या दोन वाक्यांच्या मध्ये 'परिणामी' नको, 'त्या वेळी' पुरे.