नातीचें पत्र

मूळ लेखक जें बोललाच नाहीं तें भाषांतरकारानें त्याच्या तोंडीं घालावें काय? हा प्रश्न मी वर्गांत मोठमोठ्या ग्रंथांच्या आधारें अनेक वर्षें चघळला आहे. परंतु त्याचा खरा चटका मला बसला तो पांच ओळींच्या एका पत्रामुळें. आमच्या वहिनींना पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं, तेव्हां इंग्लंडांत वाढलेल्या त्यांच्या सोळा वर्षांच्या नातीनें शुभेच्छा लिहून पाठविल्या, त्या इंग्रजींत. मुलीला मराठी समजतें, मोडकें-तोडकें बोलतांही येतें, पण लिहितां येत नाहीं. वहिनींना इंग्रजी येत नाहीं. तेव्हां काम माझ्याकडे आलें.

पहिली अडचण ‘यू’ या शब्दाची. इंग्रजींत एके काळीं जवळच्या माणसासाठीं ‘दाउ’ हें निराळें एकवचनी सर्वनाम होतें; तें बोलण्यांतून गेलें आणि आतां राजालाही ‘यू’, मांजरालाही ‘यू’. मराठींत मात्र तूं, तुम्ही कीं आपण, हें ठरविल्याखेरीज क्रियापददेखील लिहितां येत नाहीं. मी आदराकडे झुकलों. ‘तीर्थस्वरूप आजीच्या चरणीं नमस्कार’ असा मायना घातला आणि खालीं सर्वत्र ‘आपण’, ‘आपणांस’, ‘आपली कृपा’. जुन्या रीतीप्रमाणें नांवामागें ‘गं. भा.’ही यावयास हवें होतें; पण ज्या दुःखाचा मुलीनें उल्लेख केला नाहीं तें वाढदिवसाच्या दिवशीं मीं पहिल्याच ओळींत कां लिहावें? तेवढें गाळलें, आणि पत्र वाढदिवसाच्या आधींच वहिनींना वाचून दाखविलें.

त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “भावोजी, हें कोणाचें पत्र? ती तर मला ‘ए आजी’ म्हणते.”

माझी चूक सरळ होती. आमच्या घरांत आजीला ‘तूं’ म्हणण्यानें मान कमी होत नाहीं. ‘आपण’ म्हटल्यानें मात्र ती परकी होते. काहीं घरांत, विशेषतः वडिलांच्या आईला, ‘तुम्ही’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तेथें ‘तूं’ खुपेल. म्हणजे उत्तर कोशांत नाहीं, त्या घराच्या ओसरीवर आहे.

मग आदर ठेवावा कोठें? इंग्रजींत तिनें दीर्घायुष्य चिंतिलें होतें. ‘शतायुषी हो’ हा मोठ्यांनीं लहानांना देण्याचा आशीर्वाद. तो नातीच्या तोंडून आजीला शोभत नाहीं. म्हणून तेंच वाक्य देवाकडे वळवून ‘देव तुला उदंड आयुष्य देवो’ असें केलें. वाक्य ‘तूं’चेंच राहिलें, पण देणारी नात उरली नाहीं. नमस्काराचें मात्र मन खाऊं लागलें, कारण मूळांत तो नव्हता. मीं मुलीला फोन करून विचारलें. ती म्हणाली, “मी घरीं आल्यावर पहिल्यांदा आजीच्या पाया पडतेंच ना!” तेव्हां नमस्कार राहिला, जें तिचे हात करीत होते, पण तिच्या इंग्रजीला लिहितां आलें नव्हतें, तेंच मीं लिहिलें होतें. ती नाहीं म्हणाली असती तर मीं तो खोडला असता.

‘सर्व गोष्टींबद्दल आभार’ या ओळीचेंही तसेंच झालें. घरांत आजीचे आभार मानले कीं मध्यें टेबल मांडल्यासारखें होतें. “सर्व म्हणजे काय ग?” असें विचारतां ती म्हणाली, “मोदकाच्या कळ्या पाडायला तिनें शिकवलें.” मीं लिहिलें : ‘तूं शिकवलेल्या मोदकाच्या कळ्या मी विसरलें नाहीं.’ ‘आय लव्ह यू’चें ‘मी तुझ्यावर प्रेम करतें’ हें रूप व्याकरणानें निर्दोष असलें तरी आजीच्या कानाला नाटकांतलें वाटेल. तेथें ‘तुझी फार आठवण येते’ एवढेंच पुरलें.

अडलों तों ‘तुझा मला अभिमान वाटतो’ या वाक्यावर. अभिमान आजीनें नातीचा बाळगावा. उलट म्हणणें मला आगाऊपणाचें वाटलें आणि मीं तेथें गुपचूप ‘आदर’ हा शब्द बसविला. फोनवर तें वाचून दाखवितांच मुलगी म्हणाली, “नाहीं, काका-आजोबा, आदर नाहीं. आजोबा गेल्यावर ती साठाव्या वर्षीं एकटी बँकेंत जायला शिकली. मला अभिमानच म्हणायचें आहे.” नमस्कार घालतांना मीं तिला विचारलें होतें, हें बदलतांना विचारलें नव्हतें. पहिल्यांत मीं तिच्या मनांतलें बाहेर काढलें, दुसऱ्यांत तिच्या मनांतलें झांकलें, आणि तेंही मर्यादेच्या नांवाखालीं. वाक्य मी जसेंच्या तसें परत ठेवलें.

वाढदिवसाच्या दिवशीं औक्षण झाल्यावर वहिनींनीं चष्मा लावून तें पत्र स्वतः वाचलें. त्या ओळीशीं थांबल्या. “माझा अभिमान? हिला?” म्हणून हंसल्या, आणि ती ओळ त्यांनीं पुन्हा एकदां मोठ्यानें वाचली.